ओढ्याच्या पाण्यातून किती वॅट? बालाघाटच्या उतारावरच्या नोंदी

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

सोलापूर जिल्ह्यात पाण्यावरची वीज म्हटलं की लोक उजनी म्हणतात, तिथलं १२ मेगावॅटचं वीजघर सांगतात आणि विषय संपतो. माझाही तिथंच संपत होता. सोलापुरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटरी उघडायच्या, तांब्याची तार भरायची, परत द्यायच्या. पाण्याशी संबंध एवढाच की बहुतेक मोटरी विहिरीवरून आलेल्या असतात.

बहीण दिलीय ती बार्शी तालुक्याच्या कडेला, बालाघाटच्या उतारावरच्या एका वस्तीवर. घरं अकरा. वर १९७२ च्या दुष्काळात खोदलेला पाझर तलाव आहे. त्याच्या खालून जो पाझर फुटतो त्याचा ओढा होऊन वस्तीच्या अंगावरून जातो. आज गेलो तर ओढा जोरात होता. चार दिवस पाऊस झालेला. दाजी म्हणाले, "पाव्हणं, एवढं पाणी वाया चाललंय. ह्याच्यावर लाइट निघंल का वस्तीपुरती?"

म्हटलं, बघू. काठावर पाच मीटरचा सरळ पट्टा निवडला, दोन्ही टोकांना काठ्या रोवल्या. वाळलेल्या मक्याच्या कणसाचे तुकडे वरून सोडले आणि मोबाइलवर वेळ घेतली. दहा वेळा सोडले. सरासरी साडेबारा सेकंद, म्हणजे वेग सेकंदाला ०.४ मीटर. ओढ्याची रुंदी १.१ मीटर. काठापासून काठापर्यंत सहा ठिकाणी पट्टी बुडवली, सरासरी खोली ११ सेंटिमीटर. तिघांचा गुणाकार सेकंदाला ४८ लिटर.

उतार डोळ्यांनीच वीसेक मीटर वाटला. फोनमधल्या उंची सांगणाऱ्या ॲपने वर आणि खाली मिळून ३१ मीटरचा फरक दाखवला, तासाभराने त्याच दोन जागी ९ मीटर. ॲप बंद करून खिशात टाकलं.

जेवताना भाकरी मोडत दाजींना सांगून टाकलं, "चार किलोवॅट तरी निघतील." ते लगेच पिठाच्या गिरणीचं बोलायला लागले.

१६ सप्टेंबर

दुकानात बसून कालचा हिशोब पुन्हा मांडला आणि कान पकडले.

मूळ गोष्ट सोपी आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ते एक मीटर खाली आलं की ९.८१ ज्यूल ऊर्जा मिळते. सेकंदाला एक लिटर, एक मीटर खाली, म्हणजे ९.८१ वॅट. एवढी ताकद पाण्यात असते, हातात पडत नाही. पाइपात घासून थोडी जाते, टर्बाइनमध्ये जाते, जनरेटरमध्ये जाते, तारेत जाते. छोट्या संचात निम्मी पदरात पडली तरी कारागीर बरा म्हणायचा. म्हणून अंदाजाला ९.८१ च्या जागी ५ धरतात:

```
P = 5 * Q * H
P : watt,  Q : litre/sec,  H : metre
```

हे सूत्र मी काल बरोबर वापरलं. चूक प्रवाहात होती. कणसाचा तुकडा वरच्या पाण्याचा वेग सांगतो. तळाचं पाणी दगडांना अडत, भोवरे घेत हळू चालतं. सिमेंटच्या पाटात वरच्या वेगाचा ८५ टक्के हा सरासरी वेग धरला तर चालतो. उथळ, दगडगोट्यांच्या ओढ्यात निम्मासुद्धा धरता येत नाही, साधारण ४५ टक्के धरतात. तसा धरला तर ४८ चे २२ लिटर होतात. आणि हे चार दिवसांच्या पावसानंतरचं पाणी. चार किलोवॅटचे आजच दोन झाले, ते एका बैठकीत, ओढ्याजवळ न जाता.

दाजींना फोन केला. "गिरणीचं कुणाला बोलू नका अजून."

२२ सप्टेंबर, रविवार

आज उंची मोजली. ही एकदाच मोजायची असते, डोंगर काही कमी-जास्त होत नाही. त्यामुळे सावकाश, दोन वेगळ्या रीतींनी.

वस्तीवर एक गवंडी आहेत, त्यांची लेव्हलची पारदर्शक नळी घेतली, १५ मीटरची. दोन बांबूंना टेप चिकटवले, नळीची टोकं त्यांना बांधली. एक बांबू वर, एक खाली. दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत असतं, म्हणून खालच्या बांबूवरचा आकडा वजा वरच्या बांबूवरचा आकडा म्हणजे त्या टप्प्याचा उतार. मग वरचा माणूस खालच्याच्या पुढे जातो. तेरा टप्प्यांत तलावाखालच्या डोहापासून वस्तीजवळच्या वळणापर्यंत आलो. भाची वही धरून होती. अकरावी सायन्सला आहे, बेरीज करायच्या आधीच म्हणाली, "मामा, सातवा टप्पा चुकलाय. जमीन तर सपाट होती आणि दीड मीटर आलंय."

खरंच चुकला होता. नळीत मीटर-दीड मीटर लांब हवेचा बुडबुडा अडकला होता. बुडबुडा उतरत्या भागात बसला की तेवढ्या लांबीचं पाणी नळीत नसतं आणि दोन्हीकडच्या पातळ्या एकमेकींना खोटं सांगतात. ओळखायचं कसं, तर दोन्ही टोकं एकाजवळ एक धरायची. पाणी समोरासमोर आलं नाही तर आत हवा आहे. नळी झटकून बुडबुडा काढला, सातवा टप्पा पुन्हा घेतला. बेरीज १८.४२ मीटर. मग खालून वर परत मोजत गेलो, १८.३५. सात सेंटिमीटरचा फरक, तो चालतो. १८.४ धरले.

दुसरी रीत प्रेशर गेजची. ठिबकची १६ मिलिमीटरची कोरी नळी इकडे प्रत्येकाच्या शेतात पडलेली असते. दीडशे मीटर अंथरली, वरचं टोक डोहात दगडाखाली दाबलं, खालच्या टोकाला दुकानातला गेज. पाणी थांबलेलं असताना गेज जो दाब दाखवतो तो फक्त उंचीचा असतो. गेजवरचा एक किलो दाब म्हणजे दहा मीटर उंची. गेज आला १.३ वर. तेरा मीटर? गवंडी माझ्याकडे बघायला लागले, मी गेजकडे.

पुन्हा हवाच. नळी मध्ये एका दगडावरून उंच होऊन खाली आली होती, तिथं हवा कोंडली होती. गेज काढून नळी सोडून दिली. आधी फुर्रफुर्र करत हवा आली, मग धार सलग झाली. तरी आणखी पाच मिनिटं वाहू दिली. गेज लावला, १.८. पुन्हा काढून लावला, १.८. या गेजवर एक खूण म्हणजे एक मीटर, त्यामुळे १.८ आणि १८.४ एकमेकांशी भांडत नाहीत. आकडा मोठा येण्याचा धोका गेजमध्ये फारसा नाही. कमी येण्याचा आहे, आणि कमी आला की आधी हवा शोधायची.

निघताना गवंडी वळणावरच्या बाभळीकडे बोट दाखवून म्हणाले, "हिकडं मशीन ठिवणार? ते बघा की वर." फांद्यांत पाचट आणि प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या होत्या. पुराची खूण. ओढ्याच्या तळापासून १.४ मीटर. मशीन त्याच्यावर अर्धा मीटर तरी हवं, म्हणजे १.९ मीटर उंची गेली. ज्या टर्बाइनवर पाण्याची धार हवेतून आदळते, त्यात धारेच्या खालची उंची काहीच देत नाही. १८.४ चे १६.५ झाले. गवंड्यांच्या एका बोटाने दहा टक्के वीज गेली.

२९ सप्टेंबर, रविवार

आजचं काम प्रवाहाचं. कणसाच्या तुकड्यांवर आता विश्वास नाही. शिवाय प्रवाह रोज बदलतो, तो रोज मोजता आला पाहिजे, आणि रोज मी सोलापुरातून सत्तर किलोमीटर येऊ शकत नाही. म्हणून ओढ्यात कायमची मोजपट्टी.

शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून तीन मिलिमीटरचा पत्रा कापून आणला. १२० सेंटिमीटर लांब, ६० उंच. मधोमध व्ही आकाराची खाच, कोन बरोबर ९० अंश, खोली ३० सेंटिमीटर. खाचेची धार खालच्या बाजूने तासून घेतली. धार जाड राहिली तर पाणी पत्र्याला चिकटून उतरतं आणि हिशोब बिघडतो. पत्रा ओढ्यात आडवा, ओळंब्यात उभा केला. सगळं पाणी खाचेतूनच पडलं पाहिजे, आणि खाली पडणाऱ्या पाण्यामागे हवा दिसली पाहिजे. खाचेच्या टोकापासून वर पाणी किती सेंटिमीटर आहे ते मोजायचं:

```
Q = 0.0138 * h^2.5
Q : litre/sec,  h : cm
```

पत्र्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या मातीच्या गोण्या रचल्या, बुडाशी चिकणमाती दाबली. वरून बघितलं तर काम झक्क. पण खालच्या बाजूला पाणी पडतंय त्यापेक्षा जास्त वाहतंय असं दाजींचं म्हणणं. मला काही दिसेना. घरात गणपतीचा गुलाल उरला होता. भाचीने मूठभर आणून पत्र्याच्या आतल्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात बुडाशी सोडला. थोडा वेळ काहीच नाही. मग पत्र्याच्या खाली, दगडाच्या फटीतून गुलाबी दोरा निघाला, बारीक, सरळ, आणि खालच्या पाण्यात पसरत गेला. उजव्या कोपऱ्यात सोडला तर तो मात्र खाचेकडे वळून खाचेतूनच पडला. गळती डावीकडे होती. दोन गोण्या काढून फट माती आणि चिंध्यांनी बुजवली, पुन्हा गुलाल, दोरा नाही. वर्षानुवर्षं गुलाल उधळला, त्याचा असा उपयोग कधी सुचला नव्हता.

पहिलं वाचन भाचीने घेतलं, १६ सेंटिमीटर. तिने पट्टी खाचेतच धरली होती. पाणी खाचेजवळ येताना वाकून खाली उतरतं, त्यामुळे तिथं खोली कमी दिसते. म्हणून पातळी पत्र्यापासून मागे, पाण्याच्या उंचीच्या निदान चौपट अंतरावर घ्यायची. एक मीटर मागे काठी रोवली आणि काठीवरची शून्याची खूण गवंड्यांच्या नळीने खाचेच्या टोकाशी जुळवली. तिथं वाचन १७.५. दीड सेंटिमीटरचा फरक, पण सूत्रात अडीचावा घात आहे. १६ ला १४.१ लिटर येतात आणि १७.५ ला १७.७. पट्टी कुठं धरली एवढ्यावर पाचव्या हिश्शाचा फरक.

दोन आठवड्यांपूर्वी मी याच ओढ्याला ४८ म्हणालो होतो. मधल्या दिवसांत पाणी थोडं उतरलंय हे खरं, पण तेवढं नाही.

भाचीकडे काम दिलं: रोज सकाळी सातला काठीचा फोटो, व्हॉट्सॲपवर.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा. सकाळच्या फोटोत २४ सेंटिमीटर, म्हणजे ३९ लिटर. दाजींचा फोन आलाच. "बघा, म्हणलं नव्हतं?" रात्री पाऊस झाला होता. मी म्हटलं, परवापर्यंत थांबा.

१५ ऑक्टोबर

१६ सेंटिमीटर, १४ लिटर. पुराचं पाणी हे पाहुण्यांसारखं, त्याच्या हिशोबाने घर बांधता येत नाही. मशीन जेवढ्या पाण्यासाठी बनवतो त्यापेक्षा जास्त आलं तर ते नुसतं बाजूने निघून जातं.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीजेला गेलो. आज १४ सेंटिमीटर, १०.१ लिटर. पाऊस थांबून पंधरा दिवस झाले, तरी एवढं. हा पाझर तलावाचा प्रताप. तलाव नसता तर या उतारावरचा ओढा दिवाळीपर्यंत कोरडा पडला असता, शेजारचा पडलाय.

ओवाळून झाल्यावर दाजींनी गोठ्यामागं नेलं. तिथं ७५ मिलिमीटरचा पाइप, ज्याला सगळे अडीच इंची म्हणतात, दीडशे मीटर गुंडाळून ठेवलेला. "पाइप तर फुकटात हाय." या वाक्यावर मला रात्री झोप आली नाही, कारण पाइपाची किंमत या सगळ्या कामात सगळ्यात मोठी.

१० नोव्हेंबर

पाइपाचा हिशोब केला. लांबी १४० मीटर, प्रवाह सेकंदाला ६ लिटर धरला. सहाच का, ते पुढे येईल.

अडीच इंची पाइपाचा आतला व्यास ७० मिलिमीटर. त्यातून ६ लिटर न्यायचे तर नुसत्या घर्षणात ५.१ मीटर उंची खर्च होते. साडेसोळातली पाच! ११० मिलिमीटरचा घेतला, आतून साधारण १००, तर तेच घर्षण ०.९ मीटर. व्यास दीडपटीपेक्षाही कमी वाढला आणि घर्षण साडेपाच पट उतरलं. घर्षण व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने कमी होतं, म्हणून पाइप निवडताना एक माप इकडेतिकडे केलं की सगळं चित्र बदलतं.

हे कागदावर सांगून दाजींना पटणार नाही. गेज लावून दाखवता येईल: खालची तोटी बंद असताना एक दाब, उघडली की दुसरा. मधला फरक म्हणजे पाइपाने खाल्लेली उंची. रिवाइंडिंगवाल्याला हे ओळखीचं आहे. विहिरीवर लांबवर बारीक केबल टाकली की मोटरला व्होल्टेज पुरत नाही, ती तापते, आणि मग मालक ती माझ्याकडे घेऊन येतो.

१ डिसेंबर, रविवार

१२ सेंटिमीटर, ६.९ लिटर.

भाचीच्या वहीत आता ६४ दिवसांचे आकडे आहेत. तिने ते तारखेने नाही, मोठ्यापासून लहानाकडे उतरत्या क्रमाने लावले. कुणी सांगितलं नव्हतं. अशी यादी केली की एका नजरेत दिसतं, सेकंदाला जवळपास ७ लिटर किंवा जास्त सगळ्या ६४ दिवस होते. १४ किंवा जास्त मात्र मोजके दिवस. मशीन १४ वर बनवलं तर महिनाभरही पूर्ण चालणार नाही. ७ वर बनवलं तर आतापर्यंत एक दिवसही उपाशी राहिलं नसतं.

सातातलं एक लिटर ओढ्यातच सोडायचं. खाली गुरं पितात. म्हणून मशीनला ६.

आता पूर्ण हिशोब, एकदाचा. मोजलेली उंची १८.४ मीटर. पुराच्या खुणेमुळे १६.५. पाइपाचं घर्षण ०.९, जाळी आणि वळणं मिळून ०.३. राहिले १५.३. सहा लिटरला १५.३ मीटर आणि ९.८१ ने गुणलं तर ९०० वॅट. ही धारेतली ताकद. गावठी बनावटीच्या टर्बाइनला ६० टक्के धरले. जनरेटर म्हणून साधी इंडक्शन मोटर, कपॅसिटर लावून उलटी वापरलेली, तिला ७० टक्के. उरले ३७८. तीनशे मीटर तारेत पाच टक्के गेले.

३६० वॅट.

सप्टेंबरात चार किलोवॅट म्हणालो होतो. अकरावा हिस्सासुद्धा नाही. आणि अडीच इंची फुकटचा पाइप वापरला तर २६० च्या आसपास.

पाचने गुणायचं सोपं सूत्र इथं ४५९ देतं, तेही निव्वळ उंची घातली तर. एवढ्या लहान मशीनला पाच जास्तच होतात, चारच्या जवळ धरायला हवं.

दाजींना आकडा सांगितला. गप्प झाले. मग त्यांनीच हिशोब केला: नऊ वॅटचे तीन बल्ब घरटी, अकरा घरं, २९७ वॅट. "मग बसतंय की!" गिरणीचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही.

१९ जानेवारी २०२५, रविवार

सिद्धेश्वराची यात्रा संपली, दुकान उघडायच्या आधी एक चक्कर मारली. कारण वहीत काहीतरी विचित्र दिसत होतं. २९ डिसेंबरला ११ सेंटिमीटर होते, ५.५ लिटर. त्यानंतर पातळी हळूहळू उतरायला हवी होती. उतरत होती, पण पायरीने: एक आठवडाभर साडेदहाच्या आसपास, पुढचा आठवडा आठच्या, परत साडेदहा. पाझर असा आठवड्याचा हिशोब ठेवत नाही. गळती झाली असेल म्हणून भाचीने गुलालही टाकून बघितला होता. दोरा नव्हता.

सकाळी सातला मी स्वतः वाचलं, १०.५, म्हणजे ४.९ लिटर. तिथंच बसून राहिलो. नऊच्या सुमारास काठीवरची ओली खूण पाण्याच्या वर दिसायला लागली. दुपारी बाराला ७.५, म्हणजे २.१ लिटर. वर चालत गेलो. डोहात फुटव्हॉल्व्ह आणि काठावर तीन एचपीची मोटर सुरू. हरभऱ्याला पाणी चाललं होतं.

शेतीची लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते. रात्रीच्या पाळीत मोटर रात्रभर चालते, डोह उपसतो, सकाळी सातला पाणी कमी. दिवसाच्या पाळीत सातला डोह भरलेला असतो आणि सगळं झकास दिसतं. म्हणजे निम्म्या आठवड्यांचे माझे आकडे चांगले होते ते फक्त सातला मोजल्यामुळे. वेळ ठरवताना शाळा-कॉलेजची सोय बघितली होती, ओढ्याची नाही.

त्या शेतकऱ्याशी बोललो. सरळ माणूस. म्हणाले, "माझा हरभरा वाळला तर तुमचा बल्ब काय कामाचा?" बरोबर आहे. त्यांचं पाणी आधीपासूनचं आहे.

परत येताना डोक्यात हिशोब. डिसेंबरच्या मध्यानंतर ६ लिटर मिळणार नाहीत. म्हणून टर्बाइनला एक मोठा नोझल नको, १५ मिलिमीटरचे दोन. दोन्ही उघडे तर ६ लिटर, एक बंद केला तर ३. एकावर पाइपातलं घर्षण जवळजवळ नाहीसं होतं, तारेतून १८० वॅट मिळतील. माझ्या मनात आधी जुना मोनोब्लॉक पंपच उलटा फिरवायचा होता, दुकानात चार पडलेत. पण पंप टर्बाइन म्हणून एका ठराविक प्रवाहावरच नीट चालतो, निम्म्या पाण्यावर त्याची कार्यक्षमता फार पडते. या ओढ्याला तो चालणार नाही.

आणि तीनसुद्धा नसताना नोझल उघडा राहिला तर? पाइपाच्या वरच्या तोंडाशी जी टाकी बांधावी लागते ती रिकामी होते, पाइपात हवा शिरते, खाली धार थुंकायला लागते आणि बल्ब लुकलुकतात. गेजचा काटा आधी पडतो. म्हणून गेज कायम लावून ठेवायचा आणि ज्याच्या घराजवळ मशीन असेल त्याने काटा पडला की एक नोझल बंद करायचा.

१६ फेब्रुवारी, रविवार

८ सेंटिमीटर, २.५ लिटर, मोटर बंद असताना. एक लिटर गुरांचं काढलं तर दीड राहतं. एका नोझललाही पुरत नाही. मशीन असतं तर जानेवारीच्या सुरुवातीला बंद केलं असतं.

दाजी म्हणाले, "मग सोलरच लावू की." लावा म्हटलं. सोलापूरच्या उन्हाला तोड नाही आणि जानेवारी ते मे ओढ्याकडून काही मागू नये. ओढा जे देऊ शकतो ते पावसाळ्यात आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने, ढग असताना आणि रात्री: ३६० वॅट, चोवीस तास, म्हणजे दिवसाला साडेआठ युनिट. ते कामाचं आहे की नाही हे पाइपाच्या बिलावर ठरेल. माझं मत: आहे, पण या वर्षी नाही. जून, जुलै, ऑगस्टचा एकही आकडा आपल्याकडे नाही. ओढा कधी सुरू होतो, तलाव किती भरल्यावर पाझर लागतो, काही माहीत नाही. आणि हे सगळे आकडे तलाव भरलेल्या वर्षाचे आहेत. तलाव अर्धाच भरला तर सहाचे तीन व्हायला वेळ लागणार नाही.

१६ मार्च, रविवार

५ सेंटिमीटर. सूत्र ०.७७ लिटर देतं, पण एवढ्या कमी पाण्यात धार पत्र्याला चिकटायला लागते, आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून तेलाचा पंधरा लिटरचा डबा खाचेखाली धरला. भरायला २१ सेकंद, म्हणजे ०.७१ लिटर. सुरुवातीला जी रीत वापरायला पाणी फार होतं, तीच शेवटी सगळ्यात खात्रीची ठरली.

गोण्या फोडून पत्रा काढला. खाचेच्या धारेवर चुन्याचा पांढरा थर बसला होता, तो विटेच्या तुकड्याने घासला आणि तेल लावून पत्रा दाजींच्या पडवीत उभा केला. काठी जागेवरच ठेवली, शून्याच्या खुणेवर लाल ऑइलपेंट मारला. भाचीने नवी वही आणलीय. पहिल्या पानावर दोन रकाने आखलेत: सकाळी सात आणि दुपारी बारा. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, लाइटची पाळी कुठली.

आता पहिल्या पावसानंतर पत्रा लावायचा.